रात्रभराच्या भजनाला १६ जीबीचं कार्ड पुरेल का?

"खानापूरजवळच्या आमच्या गावात एकादशीला रात्री ९ ते पहाटे ५ भजन असतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ वेव्ह फाइल करायची आहे. मिनिटाला किती एमबी? १६ जीबीचं कार्ड पुरेल?"

मिनिटाला १७.२८ एमबी. आठ तासांचे साधारण ८.३ जीबी होतात, म्हणजे कार्ड पुरेल. फक्त रेकॉर्डरमधलं बॅकअप रेकॉर्डिंग बंद आहे ना, हे आधी बघून घ्या.

हिशोब असा. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून २४ बिटांचा प्रत्येक नमुना ३ बाइटांचा. डावं-उजवं धरून २ चॅनल.

```
48000 × 3 × 2 = 288000
288000 × 60   = 17280000
```

वरचा आकडा सेकंदाचे बाइट, खालचा मिनिटाचे. दहा लाखांनी भागलं की एमबी. टाळ-मृदंग जोरात असो की अभंग संपून मंडळी चहाला उठलेली असोत, जागा तेवढीच जाते, कारण शांततेचेही नमुने नोंदले जातातच.

आता बॅकअपचं सांगतो, कारण मी त्यातच फसलो होतो. काही रेकॉर्डर मूळ फाइलसोबत कमी आवाजाची दुसरी फाइलही करत जातात. मृदंगाची थाप अचानक जोरात पडून मूळ आवाज फाटला, तर ती कामी येते. सोय चांगली आहे, पण सेकंदाला ५,७६,००० बाइट जातात आणि आठ तासांना १६.६ जीबी लागतात. १६ जीबीचं कार्ड ७ तास ४३ मिनिटांत भरतं. आमच्याकडे ९ ला सुरू केलेलं रेकॉर्डिंग पावणेपाचच्या आधीच थांबलं आणि म्हाताऱ्या बुवांची भैरवी गेली. त्याची हळहळ अजून आहे. बॅकअप हवंच असेल तर ३२ जीबीचं कार्ड घ्या.

आदल्या दिवशी बरोबर एक मिनिट रेकॉर्ड करून फाइल संगणकावर बघा. विंडोजमध्ये ती १६.४ एमबीच्या आसपास दिसेल. त्यात चूक नाही, विंडोज १०,४८,५७६ बाइटांना एक एमबी म्हणतं. बाइटांचा आकडा मात्र १,७२,८०,००० च्या जवळ हवा. तेवढ्याच मापाची दुसरी फाइल शेजारी दिसली, तर बॅकअप चालू आहे. आकडा निम्माच आला, तर सेटिंग मोनोवर राहिलंय.

सकाळी कार्डवर एकाऐवजी दोन-चार तुकडे दिसले तर घाबरू नका. साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, तुमच्या सेटिंगवर ती चार तास आठ मिनिटांनी येते. काही रेकॉर्डर २ जीबीलाच, म्हणजे दोन तासांनंतर, नवी फाइल उघडतात. तुकडे क्रमाने जोडले की अख्खी रात्र सलग ऐकता येते.