नोकरी सुरू असताना लिंक्डइन प्रोफाइल गुपचूप कसं अपडेट करावं?

प्रश्न: नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पुण्यात नोकरी बघतोय. ऑफिसात कुणाला कळू न देता प्रोफाइल कसं बदलू?

उत्तर: काहीही बदलण्याआधी Settings & Privacy मधल्या Visibility भागात जा आणि नोकरीतले बदल नेटवर्कला कळवणारं बटण बंद करा. पद किंवा कामाची माहिती बदलताना Notify network असं वेगळं बटणही दिसतं. सेव्ह करण्याआधी तेही बंद आहे ना, हे दर वेळी बघा. यामुळे फक्त सूचना जाणं थांबतं. प्रोफाइल उघडणाऱ्याला नवा मजकूर दिसतोच. म्हणून नावाखालच्या ओळीत ‘नव्या संधीच्या शोधात’ असं लिहू नका. ‘टेस्टर’च्या जागी ‘ऑटोमेशन टेस्टर, सेलेनियम’ लिहिलं तर कुणालाच खटकणार नाही आणि रिक्रूटर शोधतात ते शब्दही त्यात येतात.

खरी चूक होते ती Open to work मध्ये. तिथे Recruiters only निवडा. दुसऱ्या पर्यायाने फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती सगळ्यांना दिसते. Recruiters only निवडल्यावर लिंक्डइन तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ही खूण लपवायचा प्रयत्न करतं, पण पूर्ण खात्री देत नाही. कारण तुमची कंपनी कोणती, हे त्याला तुम्ही भरलेल्या माहितीवरूनच कळतं. कंपनीचं नाव नुसतं टाइप केलं असेल आणि अधिकृत पानाशी जोडलेलं नसेल, तर लपवायचं कुणापासून हे त्याला ठरवता येत नाही. सध्याच्या नोकरीपुढे कंपनीचा लोगो दिसतो का ते बघा. राखाडी चौकोन दिसत असेल, तर नाव पुन्हा टाइप करून यादीतून योग्य पान निवडा. मगच Open to work सुरू करा.

एवढं करूनही एक फट उरते. तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणारी बाहेरची कन्सल्टन्सी तुमच्या कंपनीत मोडत नाही, त्यामुळे तिला ती खूण दिसू शकते. नागपुरात आयटीचं वर्तुळ लहान आहे, एकच कन्सल्टन्सी मिहान आणि आयटी पार्क दोन्हीकडे माणसं देत असू शकते. तुमच्या एचआरकडे अशी कुणी येत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: Open to work लावूच नका, पुण्यातल्या रिक्रूटरना स्वतःहून मेसेज करा. त्याआधी Visibility मध्ये जाऊन कनेक्शनची यादी इतरांना दिसणार नाही अशी ठेवा, नाहीतर सहकाऱ्याला एकाच आठवड्यात जोडलेले दहा नवे रिक्रूटर दिसतील. सामाईक ओळखी मात्र त्यानंतरही दिसतात.

नोकरी डॉट कॉमवर कंपन्या ब्लॉक करायची सोय आहे. तिथे ब्रँडचं नाव, नोंदणीकृत नाव आणि मूळ कंपनी असेल तर तिचंही नाव टाका. पगाराच्या स्लिपवर बहुधा नोंदणीकृत नाव असतं, ते तिथून बघून घ्या. दोन्ही ठिकाणी वैयक्तिक ईमेलच ठेवा आणि हे काम ऑफिसच्या लॅपटॉपवर करू नका.