वाक्य बरोबरच वाटतं, मग बदलायचं काय?

"मॅडम, चार ठळक शब्दांतल्या दोघांची अदलाबदल करा, असे प्रश्न मला जमतच नाहीत. वाचलं की वाक्य बरोबरच वाटतं. माझं इंग्रजीच कच्चं आहे. बँकेची परीक्षा सोडून देऊ का?"

हा मुलगा डिचोलीचा, चौथीपर्यंत मराठीतून शिकलेला. त्याला मी धीर दिला नाही. एक वाक्य कागदावर लिहिलं आणि मोठ्याने विचार करत सोडवायला सांगितलं:

द सडन डिमांड (ए) इन फ्युएल प्रायसेस फोर्स्ड बस ओनर्स टू रेझ (बी) देअर फेअर्स, दो द राइज (सी) फॉर सीट्स हॅड ऑलरेडी फॉलन (डी).

त्याने लगेच बी-सी म्हटलं. का, तर रेझ आणि राइज दिसायला सारखे, म्हणजे गफलत तिथेच असणार! प्रश्न काढणारा असे जुळे शब्द मुद्दाम पेरतो. पण राइजला कर्म चालत नाही, त्यामुळे 'टू राइज देअर फेअर्स' होत नाही. म्हणजे बी जिथे आहे तिथेच बरा.

मग मी त्याला ठळक शब्द सोडून त्यांच्या लगतचे बारके शब्द बघायला लावले. डिमांडच्या पुढे 'इन' आहे, पण मागणी एखाद्या वस्तूची असली की 'फॉर' लागतो. राइजपुढे 'फॉर' आहे, तिथे 'इन' हवा. दोन्ही कुलपं आणि किल्ल्या उलटसुलट पडल्यात. ए-सी बदला: इंधनाचे दर अचानक वाढले म्हणून बसवाल्यांनी भाडं वाढवलं, आसनांची मागणी मात्र आधीच घटली होती. दोन्ही जागा बसल्या. एकच जागा बसली असती, तर ते उत्तर नव्हे.

त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं. तो भरभर वाचायचा, आणि भरभर वाचताना मन वाक्य परस्पर दुरुस्त करून घेतं.

हा उपाय सगळीकडे चालत नाही. दुसऱ्या वाक्यात व्यवस्थापकाने एक अर्ज कागदपत्रं पूर्ण होती म्हणून नाकारला आणि दुसरा सही जुळत नव्हती म्हणून मंजूर केला, असं होतं. दोन्ही क्रियापदं भूतकाळी, व्याकरण निर्दोष, लगतचे शब्दही ठीक. तिथे 'बिकॉज'नंतरचं कारण आधी वाचायचं आणि त्याला कुठली कृती शोभते ते पाहायचं. नाम आणि क्रियापद यांची अदलाबदल मात्र फारशी संभवत नाही, तेव्हा अशा जोड्या आधीच खोडाव्यात.

बँक अधिकारी भरतीच्या आयबीपीएस पीओच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. म्हणून 'बदल नको' हा पर्याय थकून निवडायचा नाही, असं आमचं ठरलं. चारही शब्दांचे शेजारी तपासले आणि कारणही सरळ लागलं, तरच तो. एवढ्याने उलगडलं नाही तर प्रश्न तसाच सोडून पुढे.