दोनच विक्रेते असताना भाव सीमांत खर्चावर का येतो?

प्रश्न: माल अगदी सारखा आणि विकणारे दोघंच. मग भाव चढा का राहत नाही?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका गल्लीत दोघं जण पाण्याचे वीस लिटरचे कॅन पुरवतात असं धरा. आणखी एक कॅन भरून पोचवायला दोघांनाही १५ रुपये लागतात; हाच सीमांत खर्च. दोघांचा भाव ३० असेल, तर रोजच्या १०० कॅनपैकी पन्नास-पन्नास विकून प्रत्येकाला ७५० रुपये सुटतात. एकाने २९ केले की शंभरही गिऱ्हाइकं त्याची, नफा १४००. मग दुसरा २८ करणारच.

१५ वर मात्र कुणालाच हलावंसं वाटत नाही: वाढवला तर गिऱ्हाईक जातं, उतरवला तर कॅनमागे तोटा. एक १५ वर नि दुसरा २० वर, हेही टिकत नाही, कारण पहिला १९ लावूनही सगळं गिऱ्हाईक राखतो. (भाव रुपयानेच बदलत असेल, तर दोघं १६ वरही थांबू शकतात.)

फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बर्ट्रांडने हे १८८३ मध्ये मांडलं. पण यात एक अट आहे: प्रत्येकाला एकट्याने शंभर कॅन पुरवता यायला हवेत. नागपूरच्या मे महिन्यात गाडीत साठच मावत असतील, तर उरलेले चाळीस जण दुसऱ्याकडेच जाणार, आणि तो १५ पेक्षा जास्त मागू शकतो.