G7 ऐवजी Db7: ओळ संपतानाचा कोमल रे

प्रश्न: ओळ संपली की C–Am7–Dm7–G7 असं फिरून परत C वर येतो. कुणीतरी म्हणालं, G7 च्या जागी Db वाजव, जॅझ वाटेल. वाजवलं तर नुसतं बेसूर लागतं. कुठे चुकतंय?

उत्तर:

बहुतेक तुम्ही Db चा साधा मेजर वाजवताय. लागतो तो Db7. पेटीच्या भाषेत काळी एक, पांढरी चार, काळी चार आणि पांढरी सात. (कीबोर्डच्या पडद्यावर कदाचित C#7 दिसेल, बोटं तीच.) यातली पांढरी सात गळाली की सगळा खेळ संपतो.

का ते बघा. पांढरी एकला सा धरा. G7 म्हणजे प, नी, रे, म. यात घराकडे ओढणारे स्वर दोनच: नी सा कडे धावतो, म ग कडे उतरतो. Db7 म्हणजे कोमल रे, म, कोमल ध, नी. तेच म आणि नी इथेही आहेत, फक्त त्यांच्या खालचा पाया प वरून कोमल रे वर गेलाय. जोडी शोधायची तर मूळ कॉर्डच्या पायाला सा समजा आणि त्याचा तीव्र मध्यम काढा. तोच नवा पाया.

हे बोटांनी पटतं. उजव्या हातात फक्त म आणि नी दाबून ठेवा. डाव्या हाताने आधी प वाजवा, मग उजवा हात न हलवता कोमल रे. आता तिन्ही बोटं एकेक पट्टी सरकवा: म चा ग, नी चा सा, कोमल रे चा सा. सगळं एका अर्ध्या स्वराने घरी येतं, म्हणून कानाला ते चुकल्यासारखं वाटत नाही.

आता तुमच्या बेसूरपणाचं दुसरं कारण, जे मला भर कार्यक्रमात कळलं. सोलापुरात एका रिसेप्शनला ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर होतो. नवीन शिकलेलं, हात शिवशिवत होते. गायक ‘ग रे सा’ करत ओळ संपवत होता आणि मी बरोबर त्याच्या रे खाली Db7 टाकला. त्याचा शुद्ध रे, माझा कोमल रे, दोन्ही एकमेकांच्या उरावर. गाणं संपल्यावर माईक बाजूला करून म्हणाला, “काय बे, पट्टी चुकली का?” चूक माझीच होती. आपल्याकडच्या कितीतरी चाली ‘ग रे सा’ ने संपतात, आणि तो रे नेमका G7 च्या जागेवर येतो. तिथे G7 च राहू द्या.

ही बदली ओळ संपल्यानंतरच्या फिरकीत करा:

```
| C    Am7 | Dm7   Db7 | C
```

इथे Db7 ला दोन मात्रा मिळतात. बघायचं एवढंच की त्या दोन मात्रांत गळ्यात काय आहे. गायक गप्प असेल तर बिनधास्त. पुढच्या ओळीची उचल तिथूनच होत असेल आणि ती म, प किंवा नी वर असेल तरी चालतं. प तर फार सुंदर लागतो, कारण तो कोमल रे चा तीव्र मध्यम आहे. उचल सा किंवा शुद्ध रे वर असेल तर नाद सोडा.

हे हाताला बसलं की Am7 कडे वळा. पण तो मायनर आहे, आणि ही अदलाबदल फक्त डॉमिनंट सेव्हन्थची होते. म्हणून मनात आधी Am7 चा A7 करा, मग त्याच्या जागी Eb7 ठेवा:

```
| C    Eb7 | Dm7   Db7 | C
```

बेस आता सा वरून कोमल ग वर जातो आणि तिथून रे, कोमल रे, सा असा एकेक पायरी उतरतो. आणखी एक फायदा: गायकाने शेवटचा सा लांबवला असेल तर Eb7 त्याला सहज सामावून घेतो. कोमल रे A7 आणि Eb7 दोन्हींत आहे, पण Eb7 च्या पायाला सा समजलं तर गायकाचा सा त्याचा शुद्ध ध ठरतो; A7 मध्ये तोच सा कोमल ग ठरून कॉर्डमधल्या शुद्ध ग ला टोचला असता.

बेस गिटारवाल्याला आधी सांगून ठेवा. तो सवयीने प वर राहिला तर बिघडत काही नाही, ऐकणाऱ्याला तो जरा तिखट G7 वाटेल. पण ती उतरण जाते, आणि रंग तर तिथेच आहे. रियाजाला सा-प चा तानपुरा चालू असेल तर तेवढ्यापुरता बंद करा. त्या अखंड सा शेजारी Db7 तपासून बघण्यात अर्थ नाही.