शब्दचर्चा : 'अवमंदन' म्हणजे करंट हळू होणं का?

प्रश्न : सोलापुरात पॉलिटेक्निकच्या मुलांची शिकवणी घेतो. रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर एकसर जोडलेल्या परिपथाच्या मराठी टिपणात 'अवमंदन' हा शब्द आहे. मुलं त्याचा अर्थ 'करंट मंदावतो, म्हणजे हळू होतो' असा लिहितात. बरोबर आहे का? सोपा शब्द कोणता वापरू? आणि त्यातलं 'क्रांतिक' काय आहे?

उत्तर : हा अर्थ बरोबर नाही, पण मुलं तिथे का जातात ते समजण्यासारखं आहे. आपल्या 'मंद' शब्दाला दोन घरं आहेत. मंद चाल, मंदगती म्हणतो तेव्हा वेग कमी असतो. मंद दिवा, मंद आच, मंद सुवास म्हणतो तेव्हा जोर कमी असतो. समई मंद केली तर उजेड उतरतो, ज्योत हळू चालायला लागली असं कुणी म्हणत नाही. अवमंदनातला 'मंद' या दुसऱ्या घरातला. 'अव' म्हणजे खाली, अवरोहातला किंवा अवनतीतला. हेलकाव्याचा जोर पायरीपायरीने उतरत जाणं, एवढाच त्याचा अर्थ. एका हेलकाव्याला लागणारा वेळ मात्र जवळपास तेवढाच राहतो.

आणखी एक गोष्ट मुलांना आधीच सांगायला हवी. करंट हा स्वतःच एक दर आहे : एका सेकंदात किती प्रभार वाहिला तो. त्यामुळे करंट कमी होतो किंवा जास्त होतो, 'हळू' होत नाही. स्प्रिंगच्या उदाहरणात हे लख्ख दिसतं.

मोटारसायकलचा मागचा शॉकअप घ्या. त्यात स्प्रिंग असते, वर गाडीचं आणि माणसाचं वजन असतं, आणि नळीत तेल असतं. सीटवर कुणी एकदम बसलं की सीट खाली जाते, थोडी जास्तच जाते, परत वर येते आणि मग जागेवर ठरते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे रोज जाणारी गाडी असेल आणि तेल गळालं असेल, तर एका खड्ड्यानंतर ती चार-पाच वेळा उसळते. मेकॅनिक सीटवर हाताने दाब देऊन सोडतो तो हेच बघायला. तेल हेलकाव्यांचा जोर खातं. स्प्रिंग आणि वजन मिळून हेलकाव्याचा ताल ठरवतात.

आता दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिहा :

```
m·x'' + b·x' + k·x = F
L·q'' + R·q' + q/C = V
```

वरचं स्प्रिंगचं, खालचं परिपथाचं. वजनाच्या जागी कॉइल L, तेलाच्या जागी रोध R, स्प्रिंगच्या कडकपणाच्या जागी 1/C. सीट किती सरकली त्याच्या जागी कपॅसिटरवर साठलेला प्रभार q, आणि सीटच्या वेगाच्या जागी करंट. कपॅसिटर उलटा बसतो, तिकडे मुलांचं लक्ष वेधा. मोठा कपॅसिटर ही मऊ स्प्रिंग, छोटा कपॅसिटर ही कडक स्प्रिंग.

या जोडीतून कळ दाबल्यावर काय होईल ते आधीच सांगता येतं. जड वस्तूचा वेग एका क्षणात शून्यावरून वर उडी मारत नाही, तसा कॉइलमधून जाणारा करंटही मारत नाही. म्हणून सुरुवात शून्यापासून. आणि शेवटी सीट जागेवर ठरली की वेग शून्य होतो, तसा कपॅसिटर पूर्ण भरला की करंट शून्य. शून्यातून निघून शून्यातच संपायचं, मधली वाट कशी असेल ते R ठरवतो. कपॅसिटर मध्ये असताना 'शेवटी करंट V/R वर स्थिर होतो' असं लिहिलं तर ते कॉइल आणि रोध एवढ्याच परिपथाचं उत्तर झालं. ही गल्लत नेहमीची आहे.

आकडे घालून पाहू. कॉइल 100 मिलिहेन्री, कपॅसिटर 10 मायक्रोफॅरड, बॅटरी 12 व्होल्ट, कपॅसिटर आधी रिकामा. रोध मुळीच नसता तर एक पूर्ण हेलकावा 6.28 मिलिसेकंदांचा झाला असता.

आता परिपथातला सगळा रोध मिळून 40 ओहम धरा. कळ दाबताच सगळे 12 व्होल्ट कॉइलवर पडतात. करंट चढत जातो आणि 1.4 मिलिसेकंदांना सुमारे 91 मिलिअँपिअरवर पोचतो. ओहमच्या नियमाने 12 भागिले 40 म्हणजे 300 मिलिअँपिअर येतात, तिथपर्यंत तो कधीच जात नाही. मग उतरून 3.2 मिलिसेकंदांना शून्य होतो, पण थांबत नाही. त्या क्षणी कपॅसिटरवर 18.3 व्होल्ट असतात, बॅटरीपेक्षा जास्त. सीट ठरायच्या जागेपेक्षा खाली गेली होती, तेच हे. आता कपॅसिटर बॅटरीकडे उलटा ढकलतो, करंटची दिशा बदलते आणि तो उलट बाजूला 48 मिलिअँपिअरपर्यंत जातो. पुढचा सुलट माथा 25 मिलिअँपिअरचा. प्रत्येक वेळी जोर जवळपास निम्मा.

मग हेलकाव्याच्या वेळेचं काय झालं? 6.28 चे 6.41 मिलिसेकंद झाले. दोन टक्के. जोर एका पूर्ण फेरीत 91 वरून 25 वर उतरला आणि ताल दोनच टक्क्यांनी लांबला. 'मंद'ची दोन घरं इथे मोजून वेगळी होतात. मुलांना आलेख काढून दाखवा : रेषा शून्याला ठरावीक अंतराने छेदत राहते, फक्त माथे बुटके होत जातात.

आता 'क्रांतिक'. रोध वाढवत नेला तर एक ठिकाण असं येतं की हेलकावा उरतच नाही. ते ठिकाण R = 2√(L/C), आपल्या आकड्यांत 200 ओहम. या शब्दाचा लढ्याच्या क्रांतीशी संबंध जोडू नये. संस्कृतातल्या 'क्रम्' धातूचा अर्थ पाऊल टाकणं, ओलांडणं. संक्रांतीत तोच धातू आहे, सूर्य एका राशीतून दुसरीत जातो तो क्षण. ज्या गावात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला भरते, तिथल्या मुलांना ही ओळख एका वाक्यात पटेल. क्रांतिक रोध म्हणजे उंबरठ्यावरचा रोध. अलीकडे हेलकावे आहेत, पलीकडे नाहीत. 200 ओहमला करंट 1 मिलिसेकंदात 44 मिलिअँपिअरपर्यंत चढतो आणि दिशा न बदलता शून्याकडे उतरतो.

उंबरठ्यापलीकडे, समजा 1000 ओहमला, माथा जेमतेम साडेअकरा मिलिअँपिअरचा असतो. तोही अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतच येऊन जातो आणि मागे लांब शेपटी राहते. कपॅसिटर रेंगाळत भरतो. मुलांच्या 'हळू'ला खरा आधार मिळतो तो इथेच. म्हणून तिन्ही अवस्थांचा हिशेब शेजारी ठेवावा. कपॅसिटरचा दाब 12 व्होल्टच्या एक टक्क्यात कायमचा यायला 40 ओहमला सुमारे 23 मिलिसेकंद लागतात, 200 ओहमला साडेसहाच्या थोडं वर, आणि 1000 ओहमला सुमारे 46. अवमंदन वाढवलं तर ठरायचा वेळ आधी कमी होतो आणि मग पुन्हा वाढतो. शॉकअपमध्ये फारच घट्ट तेल भरलं तर सीट उसळत नाही, पण पुढचा खड्डा येईपर्यंत वरही येत नाही. तेव्हा 'अवमंदन म्हणजे हळू होणं' हे वाक्य एका अवस्थेत निम्मं खरं आणि दुसरीत साफ खोटं ठरतं.

सोपा शब्द म्हणाल तर मी 'विरणं' सुचवेन. 'हेलकावे विरत जातात' असं म्हटलं की वेगाचा विचार डोक्यात येतच नाही, आणि हळूहळू नाहीसं होण्याचा अर्थ आपोआप येतो. 200 ओहमच्या अलीकडच्या अवस्थेला 'विरते हेलकावे', बरोबर 200 ला 'क्रांतिक', पलीकडच्या अवस्थेला 'अतिअवमंदित'. परीक्षेच्या उत्तरात 'अवमंदन' जरूर ठेवा, पुढच्या वर्षीच्या पुस्तकांत तोच भेटणार. मात्र समजावताना 'मंदावतो' हे क्रियापद टाळा. 'क्षीण होतो' चालेल. 'दबतो' मला पटत नाही, कारण दाब हा शब्द व्होल्टसाठी आधीच कामाला लावलेला आहे.

मुलं हा परिपथ हाताने जोडणार असतील तर तीन गोष्टी सांगून ठेवा. बॅटरी 12 ची म्हणून 16 व्होल्टचा कपॅसिटर घेऊ नका. वर पाहिलंत, 40 ओहमलाच 18.3 व्होल्ट होतात आणि रोध आणखी कमी केला तर 24 च्या जवळ जातात. 35 व्होल्टचा घ्या. कॉइलच्या तारेचा स्वतःचा रोध मल्टिमीटरने मोजून हिशेबात धरा, बारीक तारेच्या कॉइलला तो सहज काही दहा ओहम भरतो. आणि साध्या कळीने करंटचा आलेख पाहू नका. कळीचे पत्रे टेकताना स्वतःच उसळतात, आणि स्क्रीनवर ती उसळी कुठली आणि परिपथाचा हेलकावा कुठला हे कळत नाही. त्याऐवजी फंक्शन जनरेटरवरून कमी वारंवारतेचा चौकोनी तरंग द्या आणि ऑसिलोस्कोप रेझिस्टरच्या दोन टोकांवर लावा, करंटचाच आकार दिसेल. फक्त जनरेटरच्या आत बहुधा 50 ओहमचा रोध असतो. तो धरून आपले 40 चे 90 होतात आणि दुसरा माथा पहिल्याच्या निम्म्याऐवजी पाचव्या हिश्शावर येतो. आलेख हिशेबाशी जुळला नाही तर आधी तो 50 तपासा.