पुरळ नाही, तरी अंगभर खाज

या वेळी खाजेबद्दलची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली पाच निवडली. या पाचही जणांच्या अंगावर पुरळ नाही आणि ॲलर्जीच्या गोळीने फरक पडलेला नाही. ही दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सेट्रिझिनसारखी गोळी फक्त हिस्टामिनला अडवते. ज्या खाजेत हिस्टामिनचा हातच नाही, तिथे ती झोप आणेल, खाज थांबवणार नाही.

प्रश्न : वय ३८. सहा महिने अंगभर खाज आहे, पण दिसत काहीच नाही. सासूबाई म्हणतात पित्त आहे, आमसुलाचं पाणी लाव. हिमोग्लोबिन १२.१ आहे, म्हणजे रक्त ठीकच ना?

अंगावर पित्त उठतं तेव्हा लालसर गांधी येतात आणि एकेक गांध २४ तासांच्या आत विरते. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत अंग साफ होतं, म्हणून फोटो काढून ठेवावा लागतो. सहा महिन्यांत तुम्हाला एकही गांध दिसली नसेल, तर हे पित्त नव्हे.

आज आंघोळीच्या वेळी एक करा. पाठीवर कुठे ओरखडे आहेत ते घरच्या कोणाला तरी बघायला सांगा. आतल्या कारणाने खाजणाऱ्या माणसाच्या दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही, तेवढा भाग बहुतेक वेळा अगदी स्वच्छ असतो आणि त्याच्या चहूबाजूंनी ओरखडे असतात. म्हणजे जे दिसतंय ते सगळं नखांचं काम, मूळचा त्वचारोग नाही. नखंही बघा. महिनोन् महिने चोळून ती पॉलिश केल्यासारखी चकचकीत होतात. याउलट बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला बारीक पुटकुळ्या असतील आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर आधी खरजेचे उपचार सगळ्या घराने एकाच दिवशी करायचे. खरूज नजरेतून सुटली की पुढच्या सगळ्या तपासण्या फुकट जातात.

आता हिमोग्लोबिन. १२.१ म्हणजे बायकांसाठीच्या १२ च्या रेघेवर जेमतेम उभं आहे. शरीर लोह कमी पडलं की आधी साठा रिकामा करतं आणि हिमोग्लोबिन शेवटपर्यंत सांभाळतं. साठा मोजायचा तर फेरिटिन करावं लागतं. ते ३० च्या खाली असेल तर लोह कमी आहे असं मी धरतो आणि खाज त्यामुळे असू शकते. फक्त ताप किंवा कुठे सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं वाटल्यावर तपासा.

लोहाची गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, एक दिवसाआड घेतली तरी चांगली लागू पडते आणि पोटाला कमी त्रास होतो. आपल्याकडे सगळं बिघडतं ते चहाने. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. शौचाला काळं होईल, घाबरू नका. पाळीत किती दिवस आणि किती जातं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण गळती चालू असेल तर गोळ्या पुरत नाहीत. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर ते कुठून जातंय हे शोधल्याशिवाय मी नुसत्या गोळ्या देत नाही. जठरातली जखम, मूळव्याध किंवा आतड्याचा कर्करोग असू शकतो. फेरिटिन वर आलं आणि दोन महिन्यांनीही खाज तशीच राहिली, तर कारण लोह नव्हतं. मग पुढे शोधायचं.

प्रश्न : वय ५१. तळहात आणि तळपाय रात्री इतके खाजतात की मी फरशीवर पाय घासत बसते. लिव्हरची टेस्ट केली, बिलिरुबिन ०.८ आलं. डॉक्टर म्हणाले लिव्हर उत्तम आहे.

तो रिपोर्ट पुन्हा हातात घ्या आणि बिलिरुबिनच्या खाली बघा. अल्कलाइन फॉस्फटेज अशी एक ओळ असेल.

लिव्हरमध्ये तयार होणारं पित्त (हे वरच्या प्रश्नातलं अंगावर उठणारं पित्त नव्हे) बारीक नळ्यांतून आतड्यात उतरतं. या नळ्यांत अडथळा आला की पित्तातले घटक रक्तात परततात आणि खाजेच्या नसांना चाळवतात. डोळे पिवळे व्हायच्या कितीतरी आधी, कधी वर्ष-दोन वर्षं आधी, हे सुरू होऊ शकतं. त्या काळात बिलिरुबिन अगदी व्यवस्थित असतं, वाढतं ते अल्कलाइन फॉस्फटेज. तळहात-तळपायांपासून सुरू होणारी आणि रात्री चेकाळणारी खाज ऐकली की मी पहिल्यांदा त्याच ओळीवर बोट ठेवतो.

अशाच एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, वय ५२. वर्षभरात तीन मलमं झाली, दोन स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली. फाइलमध्ये आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट होता. बिलिरुबिन ०.७, एसजीपीटी ५४, अल्कलाइन फॉस्फटेज ४१८. लॅबची वरची मर्यादा १२० च्या आसपास होती. हे एन्झाइम हाडांतूनही येतं, 'ड' जीवनसत्त्व फार कमी असलं तरी वाढतं. म्हणून जीजीटी केली. तीही वाढलेली, म्हणजे उगम लिव्हरकडचाच. मग सोनोग्राफी केली. मोठ्या पित्तनळ्या फुगलेल्या असत्या तर खडा किंवा गाठ शोधावी लागली असती, पण त्या नीट होत्या. मग त्यांनी घेतलेल्या औषधांची यादी केली. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेट हे नेहमीचं प्रतिजैविक बंद केल्यावरही काही आठवड्यांनी असा त्रास देऊ शकतं, काही झाडपाल्याची चूर्णंही देतात. त्यांनी यांतलं काही घेतलं नव्हतं. शेवटी एएमए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली आणि निदान झालं. हा आजार, प्रायमरी बिलिअरी कोलांजायटिस, मुख्यतः चाळिशीनंतरच्या बायकांना होतो. शरीराची प्रतिकारशक्ती लिव्हरमधल्या बारीक पित्तनळ्यांवर उलटते. त्यांचे डोळे आणि तोंड कोरडं पडायचं, सतत थकवा असायचा. वयाचं आहे म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

पोटाच्या डॉक्टरांनी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड सुरू केलं. दिवसाला किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम असं त्याचं प्रमाण असतं. बाईंचं वजन ६० किलो, म्हणून ३०० ची गोळी तीनदा. त्याने लिव्हर सावरतं, पण खाज थांबेलच असं नाही. खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पूड पाण्यात ढवळून दिली. ती आतड्यात पित्ताचे क्षार धरून ठेवते, पण बाकीची औषधंही धरते. म्हणून इतर गोळ्या तिच्या निदान एक तास आधी किंवा चार-सहा तासांनंतर घ्याव्या लागतात. त्या सगळं एकदमच घ्यायच्या आणि थायरॉईडची गोळी वाया जायची. वेळा वेगळ्या केल्या आणि महिन्याभराने त्या रात्री सलग झोपू लागल्या.

तुमच्या रिपोर्टात तो आकडा वाढलेला असेल तर याच क्रमाने जा. लघवी चहासारखी गडद, शौच मातकट पांढरी आणि डोळे पिवळे असे झाले तर मात्र त्याच दिवशी दाखवा. काविळीच्या गावठी औषधासाठी एकही दिवस घालवू नका.

प्रश्न : माझ्या मुलीला ३३ वा आठवडा चालू आहे. दोन दिवसांपासून तळवे खूप खाजतात. पोट ताणल्याने होतं असं शेजारच्या काकू म्हणाल्या.

पोट ताणलं की पोट खाजतं, तळवे नाही. तिला आजच प्रसूतितज्ज्ञांकडे न्या आणि लिव्हरच्या तपासणीबरोबर बाइल ॲसिडची तपासणी मागा. शेवटच्या तिमाहीत पित्त तुंबण्याचा हा प्रकार आईला छळतो, पण खरी काळजी बाळाची असते. बाइल ॲसिड १०० च्या पुढे गेलं तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा वेळी ३५-३६ व्या आठवड्यातच प्रसूतीचा निर्णय घेतात. आकडा कमी असेल तर लक्ष ठेवून पुढे थांबता येतं. आधी खाज येते आणि आकडा नंतर वाढतो असंही होतं. तेव्हा पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज चालूच राहिली तर आठवड्याने पुन्हा करा. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता थेट दवाखान्यात जा. बाळंतपणानंतर खाज आपोआप जाते. पुढच्या खेपेला ती परत येऊ शकते, हे तिच्या फाइलवर लिहून घ्या.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाठ खाजवून रक्त काढतात. माझंही क्रिएटिनिन १.३ आहे आणि मलाही खाजतं. मला पण तेच का?

आधी तुमचं सांगतो. किडनीची खाज किडनी बरीच निकामी झाल्यावर येते, १.३ ला नाही. क्रिएटिनिन का वाढलं ते जरूर तपासून घ्या, पण खाजेचं कारण दुसरीकडे शोधा.

वडिलांना पहिल्यांदा दिवसातून दोनदा साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावा. डायलिसिसच्या रुग्णांची त्वचा फार कोरडी असते आणि एवढ्यानेही काहींना पुष्कळ उतार पडतो. त्यानंतर डायलिसिसच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. डायलिसिस पुरेसं होतंय का, फॉस्फरस किती आहे आणि पीटीएच हे संप्रेरक किती आहे. दोनदाचं डायलिसिस अनेकांना कमी पडतं. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायची असते. ती रिकाम्या पोटी घेतली तर तिला बांधायला काही मिळतच नाही.

तरीही थांबलं नाही तर गॅबापेंटिन उपयोगी पडतं. सुरुवात १०० मिलिग्रॅमने आणि फक्त डायलिसिस झाल्यावर. हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे इतरांसारखं रोज तीनदा दिलं तर साठत जातं. वडील गुंगीत राहायला लागले, तोल जाऊ लागला, हातपाय झटके द्यायला लागले, तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा डोस बघून यांचा ठरवू नका.

प्रश्न : वय ६८. आंघोळ झाली की अर्धा तास अंग खाजतं. टीएसएच ६.२ आला. थायरॉईडची गोळी घेतली की जाईल ना?

तुमच्या वयाला ६.२ ही किंचित वाढ आहे, तिने अंगभर खाज येत नाही. थायरॉईड फार कमी पडलं तर त्वचा कोरडी होऊन खाजते, तेव्हा टीएसएच याच्या कितीतरी पट वर असतो. थायरॉईड जास्त झालं तरी खाजतं, पण त्यात टीएसएच शून्याजवळ जातो, हात गरम आणि ओलसर लागतात, वजन घटतं, छाती धडधडते.

तुमच्या पिंडऱ्यांवर पांढरी खपली आणि बारीक भेगा आहेत का ते बघा. असतील तर कढत पाणी आणि साबण हे कारण धरा. पाणी कोमट करा, साबण फक्त काखा आणि जांघांना लावा, अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर लावा. दोन-तीन आठवड्यांत फरक कळेल.

त्वचा मऊ आहे आणि तरी पाणी अंगावर पडलं की सुया टोचल्यासारखं होतं, असं असेल तर सीबीसीतलं हिमोग्लोबिन बघा. ते चांगलं १७-१८ आहे म्हणून खूश होऊ नका. पुरुषात १६.५ च्या वर सतत राहत असेल तर रक्तपेशी जास्त बनण्याचा आजार असू शकतो, त्यात आंघोळीनंतरची खाज ठळक असते आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. त्यासाठी रक्तविकारतज्ज्ञ जेएके-२ ही तपासणी करतात. जाताना काखेत किंवा मानेला गाठ लागते का, रात्री अंगरखा भिजेल इतका घाम येतो का, हेही त्यांना सांगा.