‘च’ कुठे टोचतो?

‘सहकाऱ्याशी ड्रॉइंगवरून वाजलं. नंतर मेल लिहिला : “सुधारित ड्रॉइंग मी सोमवारीच पाठवले होते. आपण पाहिले असेलच. आता तरी त्याप्रमाणे काम करावे, ही नम्र विनंती. असो.” एकही वावगा शब्द नाही, तरी साहेब म्हणतात टोमणे काढ. कुठले?’ (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

‘नम्र विनंती’ आणि ‘असो’ सरळ खोडा. एरवी ‘तुम्ही’ म्हणत असाल तर भांडणानंतर अचानक आलेला ‘आपण’ही काढा. हल्ली त्याला सौजन्य समजतात, पण तो दार लावून घेतल्यासारखा ऐकू येतो. खरा काटा मात्र ‘सोमवारीच’ आणि ‘असेलच’मधला ‘च’ आहे.

हा ‘च’ म्हणजे संस्कृतातला ‘आणि’ अर्थाचा ‘च’, असं अनेक जण छातीठोकपणे शिकवतात. ते मला साफ नामंजूर आहे. तो ‘च’ जोडतो, आपला ‘च’ बाकीच्यांना वगळतो. ‘रामच आला’ म्हणजे दुसरं कुणी आलं नाही. हेमचंद्रांनी १२व्या शतकात प्राकृत व्याकरणात ‘चेअ, चिअ, च्च’ ही रूपं अवधारणाची, म्हणजे ‘हेच, दुसरं नाही’ असं ठासून सांगणारी, म्हणून नोंदवली. त्यांच्या मागे संस्कृत ‘चैव’, म्हणजे ‘च’ अधिक ‘एव’. ठासण्याचं काम त्यातल्या ‘एव’चं. तो झिजून दिसेनासा झाला, पण त्याचा जोर ‘च’मध्ये मुरून राहिला. केवढी सुंदर गोष्ट आहे ही!

म्हणूनच ‘सोमवारी पाठवले’ ही माहिती होते आणि ‘सोमवारीच पाठवले’ हा आरोप. तारीख ठासली की तिच्यानंतरचा सगळा उशीर आपोआप समोरच्याच्या माथी बसतो. ‘आता तरी’मधला ‘तरी’ त्याचाच भाऊ : आजवर काही केलं नाहीत, हे तो न बोलता सांगतो. आपल्याकडे तोंडी ‘पाठवलंय की’ म्हटलं तर सूर सांभाळून घेतो. मेलला सूर नसतो.

पण सगळेच ‘च’ उपटू नका. ‘कोणता? दुसरा का नाही?’ या खऱ्या प्रश्नाचं उत्तर तो देत असेल तर हवाच. ‘जुनं नको, सुधारित ड्रॉइंगच वापरा’ यातला काढलात तर चुकीचा जॉब निघेल. समोरच्याची चूक दाखवण्यापलीकडे त्याला काम नसेल, तर काढा. शोधताना Ctrl+F मध्ये ‘च’ आणि पुढे एक मोकळी जागा टाका. ‘पाच’सारखे शब्दही सापडतील, ते सोडून द्या. वाक्याच्या शेवटचा ‘च’ निसटतो, कारण त्याच्यापुढे पूर्णविराम असतो. तुमचा ‘असेलच’ तसाच आहे.

उरलेला मेल असा :

‘सुधारित ड्रॉइंग सोमवारी पाठवलं होतं, पुन्हा जोडतोय. बोअरचं माप ४२ ऐवजी ४२.५ मि.मी. झालं आहे. पॅटर्नची दुरुस्ती गुरुवारी दुपारपर्यंत होईल का? नसेल तर कधी, ते कळवा.’

माप आणि वार मी नमुन्यादाखल घातलेत, तुमचे घाला. ‘सोमवारी’ मुद्दाम ठेवलं आहे; पुढे तारखेवरून प्रश्न निघाला तर नोंद हवी.